उत्तरपत्रिकेच्या छायाचित्राचे वाचन : डाग, घडी आणि पिनेची सावली

सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली परीक्षार्थीला स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत माहितीच्या अधिकारात मिळू शकते असा निर्णय दिला. तेव्हापासून मूळ कागद समोर नसताना केवळ त्याच्या छायाचित्रावरून उत्तर वाचण्याचे प्रसंग वाढले आहेत. जीर्ण दप्तरांचा अभ्यास करणाऱ्यास हे काम ओळखीचे वाटेल. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. दप्तरातील त्रुटित मजकूर आपण अन्य साधनांतील ज्ञानाने पूर्ण करतो. उत्तरपत्रिकेत मात्र परीक्षार्थीस ते ज्ञान होते किंवा नव्हते, हाच निर्णयाचा विषय असतो. बरोबर उत्तर ठाऊक असलेला वाचक तेच उत्तर पानावर पाहू लागतो, हा येथील मुख्य धोका होय.

नमुन्यादाखल एक पान कल्पू. प्रश्न वसईच्या तहाविषयी आहे. पानाचा डावा वरचा कोपरा फाटला असून त्यालगत पिन आहे. मधून आडवी घडी गेली आहे आणि खालच्या भागावर चहाचा डाग आहे. पहिल्या ओळीत ‘…राव दुसरा याने ३१ डिसेंबर १८०…’ एवढे दिसते. सालाच्या शेवटच्या अंकावर पिनेची सावली पडली आहे.

प्रथम शाई कोणती आणि शाईसारखे दिसणारे काय, हे वेगळे करावे. सावली पिनेच्या एकाच अंगास, प्रकाशाच्या विरुद्ध दिशेला पडते. तिच्या कडा मऊ असतात. प्रकाशाची दिशा बदलून दुसरे छायाचित्र घेतले तर सावली सरकते, शाई सरकत नाही. घडीची रेघ एका बाजूस काळसर व दुसऱ्या बाजूस उजळ दिसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंची अक्षरे किंचित सरकलेली असतात. ती शिरोरेषेवर पडली की मात्रा व अनुस्वार गिळते. चहाच्या वा पाण्याच्या डागाची कड मध्यापेक्षा गडद असते. लेखन निळ्या शाईचे असेल तर रंगीत छायाचित्रातील केवळ लाल घटक वेगळा काढून पाहावा. तपकिरी डाग त्यात पुष्कळ फिकटतो आणि शाई गडद राहते. तेलाच्या डागातून मागील बाजूची अक्षरे उलटी दिसतात, ती या पानाची समजू नयेत.

आता अंकाकडे वळू. सावलीच्या वर एक कमान आणि खाली उजवीकडे गेलेले शेपूट दिसते. ‘२’ आणि ‘३’ या दोन्ही अंकांत हे अवयव असतात; भेद मधल्या दुसऱ्या कमानीत आहे आणि नेमकी तीच झाकली गेली आहे. वसईचा तह १८०२ चा, हे आपणांस माहीत आहे. पण तो पुरावा नव्हे. परीक्षार्थीने चुकून १८०३ लिहिले असणे शक्य आहे. पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात शोधावा. त्याच ओळीतील ‘३१’ मधील ‘३’ शेजारच्या ‘१’ पेक्षा उंच आहे. संशयित अंक मात्र शेजारच्या ‘०’ एवढाच भरतो. शिवाय चौथ्या ओळीत तो लिहितो की ‘पुढच्याच वर्षी, १८०३ मध्ये, देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले’. या दोन स्वतंत्र साक्षींवरून ‘२’ हा पाठ स्वीकारता येतो.

कोपऱ्यातील नावाची गोष्ट निराळी. ‘बाजी’ व ‘माधव’ या दोहोंनी साधारण सारखीच जागा व्यापली असती, आणि सवाई माधवरावासही दुसरा माधवराव म्हणत. पानावर ते नाव अन्यत्र आलेले नाही. येथे ‘बाजी’ हे आपले ज्ञान आहे, पानाचे नव्हे. तो पाठ अनिर्णीत ठेवून मूळ पत्रिका मागवणे, किंवा निदान फाटलेला तुकडा पिनेखाली दुमडलेला आहे काय हे पाहण्यास सांगणे, एवढाच मार्ग उरतो.

अशा वाचनाची नोंद करताना १९३१ साली लायडन येथे ठरलेले संकेत उपयोगी पडतात. नष्ट झालेली, संपादकाने भरलेली अक्षरे चौकोनी कंसात घालावीत. संशयित अक्षराखाली बिंदू द्यावा. देवनागरीत हा बिंदू नुक्त्याशी घोटाळा करील, म्हणून अक्षरापुढे प्रश्नचिन्ह बरे. भरता न येणाऱ्या जागी कंसात टिंबेच ठेवावीत. त्यानुसार आपली ओळ अशी होते : ‘[. .]राव दुसरा याने ३१ डिसेंबर १८०२(?)’. पुनर्तपासणी करणाऱ्यास यावरून दिसते की साल अर्धवट दिसत असून तर्काने ठरवले आहे, आणि नाव मुळीच वाचलेले नाही. गुण देणे हा त्यानंतरचा निर्णय; तो वाचनात मिसळू देऊ नये.