आरोग्य विम्याचा प्रतिपूर्ती दावा
रुग्णाने रुग्णालयाचे बिल स्वतः भरून नंतर ती रक्कम विमा कंपनीकडून मागणे, यास प्रतिपूर्ती दावा असे म्हणतात. जळगाव जिल्ह्यातील सावद्यासारख्या लहान गावी जवळचे रुग्णालय कंपनीच्या रोकडरहित यादीत नसल्यास हा मार्ग उपयोगी पडतो.

२०२० साली सुरू झालेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीच्या मूळ अटींनुसार, तातडीने दाखल झाल्यास २४ तासांत कंपनीस कळवावे लागते आणि घरी सोडल्यापासून ३० दिवसांत कागदपत्रे द्यावी लागतात. दावा अर्जाचा एक भाग विमाधारक व दुसरा रुग्णालय भरते. सोबत डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसह औषधांची बिले, तपासण्यांचे अहवाल व रद्द केलेला धनादेश जोडतात. मूळ कागद कंपनीकडे जात असल्याने सर्वांच्या झेरॉक्स प्रती ठेवणे इष्ट. रुग्णालयाची नोंदणी नसल्यास दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास परिचारिका व डॉक्टर यांसारखे निकष तपासले जातात. लहान दवाखान्यांतील दावे येथेच अडतात.

विलंबाचे नेहमीचे कारण म्हणजे त्रुटीपत्र. याच पॉलिसीच्या मूळ अटींत निर्णयाचे ३० दिवस शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून मोजले जात. त्यामुळे एक चिठ्ठी राहिली तरी मुदत सुरूच होत नसे. त्यानंतरच्या विलंबाबद्दल मात्र कंपनीस बँक दरापेक्षा २ टक्के अधिक व्याज द्यावे लागते.

अंशतः मंजुरीत सर्वांत अनपेक्षित ठरते ती प्रमाणशीर कपात. एक काल्पनिक उदाहरण पाहू. विमा रक्कम २ लाख रुपये असल्यास खोलीभाड्याची मर्यादा तिच्या २ टक्के, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये होते. सावद्याच्या रुग्णाने अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी ५,००० रुपयांची खोली चार दिवस घेतली. बिल १ लाख झाले: खोली २०,०००, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्क ५०,०००, औषधे व तपासण्या २८,०००, हातमोजे इत्यादी अदेय वस्तू २,०००. पात्र भाडे प्रत्यक्ष भाड्याच्या ८० टक्के असल्याने खोलीचे १६,००० आणि शस्त्रक्रियेचेही ४०,००० रुपयेच धरले जातात. औषधे व तपासण्या पूर्ण धरून ८४,००० होतात. त्यातून ५ टक्के सहभाग वजा जाता हाती ७९,८०० रुपये येतात. खोलीतील फरक अवघा ४,००० रुपयांचा, पण त्यापायी शस्त्रक्रियेतून आणखी १०,००० गेले.

विमा नियामकाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, रोपणसाहित्य, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचा खर्च यांवर ही कपात लावता येत नाही. खोलीनुसार शुल्क न बदलणाऱ्या रुग्णालयांतही ती लागू होत नाही. रुग्णालयात शस्त्रक्रियेचा दर सर्व खोल्यांना एकच असल्यास तसे लेखी पत्र घेऊन फेरविचार मागता येतो.

कंपनीने तक्रारीस महिनाभरात उत्तर न दिल्यास अथवा उत्तर असमाधानकारक असल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. जळगाव व धुळे जिल्हे पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतात.