जांभ्याचा लाल रंग आणि ‘यू’ नावाचा आकडा

साताऱ्याहून कासच्या पठारावर गेलं की पायाखाली जांभा लागतो. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची लाखो वर्षं धूप होऊन वर उरलेलं हे लोखंडी टोपण. त्याच्या लाल रंगात मोठा वाटा हेमटाइटचा, म्हणजे Fe₂O₃ चा. हेमटाइटचा ऊर्जापट्ट्यांमधला फट (लोक बँडगॅपच म्हणतात) साधारण २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. ढोबळमानाने, ५९० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा प्रकाश तो गिळतो आणि तांबडा परत पाठवतो.

आता हाच दगड संगणकाला दिला तर? डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे डीएफटी, ही पद्धत वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये उभी केली. तिच्या नेहमीच्या रूपात हेमटाइटचा फट अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येतो. एवढा फट असलेला पदार्थ सगळा दृश्य प्रकाश गिळेल. थोडक्यात, गणिताच्या मते कासचं पठार काळंकुट्ट असायला हवं.

ही चूक डीएफटीपेक्षा जुनी आहे. १९३७ साली डी बोअर आणि व्हरवे यांनी दाखवून दिलं की पट्ट्यांच्या सिद्धांतानुसार निकेल ऑक्साइड धातूसारखा वीजवाहक असायला हवा. प्रत्यक्षात तो हिरवट, पारदर्शक, उत्तम विद्युतरोधक आहे. पायर्ल्स आणि मॉट यांनी त्याच वर्षी कारण सुचवलं. निकेल किंवा लोखंडाचे ३डी इलेक्ट्रॉन अणूला चिकटून असतात. त्या छोट्या जागेत आधीच एक इलेक्ट्रॉन असताना दुसरा आला की प्रचंड तिटकारा होतो, म्हणून कोणी उठून शेजारी जात नाही. जॉन हबार्डने १९६३ मध्ये या तिटकाऱ्याची किंमत एका अक्षरात बांधली, U. मी पुढे ‘यू’ लिहितो.

डीएफटीला हा तिटकारा अजिबात कळत नाही असं नाही; तो तिला सरासरीने कळतो. आणि सरासरीत एक खोट आहे: इलेक्ट्रॉन स्वतःलाच थोडा ढकलतो. मग त्याला एका कक्षेत पूर्ण बसण्यापेक्षा दोन-तीन कक्षांत अर्धामुर्धा पसरणं स्वस्त पडतं. तेराकुरा आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रतिलोहचुंबकीय मांडणी हिशोबात धरली, तेव्हा निकेल ऑक्साइडला छोटासा फट मिळाला. पण FeO आणि CoO धातूच राहिले.

१९९१ मध्ये अनिसिमोव्ह, झानन आणि अँडरसन यांनी हबार्डची किंमत सरळ डीएफटीच्या ऊर्जेत मिळवली. आज बहुतेक जण तिचं दुदारेव्ह आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सोपं केलेलं रूप वापरतात:

```
E_U = (U/2) Σ (n − n²)
```

n म्हणजे कक्षा किती भरली आहे. ती रिकामी किंवा पूर्ण भरलेली असेल तर दंड शून्य. अर्धी असेल तर U/8. यू चार धरला तर अर्ध्या कक्षेला अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट दंड. इलेक्ट्रॉनला सांगितलं जातं, की एक तर बस नाही तर उठ. भरलेली कक्षा U/2 ने खाली जाते, रिकामी तेवढीच वर, आणि फट उघडतो.

पण चार का? आठ का नाही? अनिसिमोव्ह आणि मंडळींनी १९९१ मध्ये निकेल ऑक्साइडला आठ वापरला होता. कोकोचोनी आणि दे जिरोन्कोली यांना २००५ मध्ये त्याच ऑक्साइडसाठी ४.६ मिळाला. निकेल बदललं नव्हतं. बदललं होतं ते ‘३डी कक्षेत किती इलेक्ट्रॉन आहेत’ हे मोजायचं माप आणि तिटकारा काढायची रीत. यू हा अणूच्या वस्तुमानासारखा कोष्टकात छापायचा गुणधर्म नाही, हे इथेच स्पष्ट होतं. तरी तो तसा उचलला जातो. आमच्या सातारा-सांगली भागातल्या महाविद्यालयांत ऑक्साइडच्या पातळ थरांवर बरीच वर्षं काम चालतं. हल्ली प्रबंधाला डीएफटीचं एक प्रकरण जोडतात आणि त्यात ‘संदर्भानुसार यू चार घेतला’ एवढंच वाक्य असतं. मी परीक्षक असलो की तिथेच थांबतो.

२००५ ची रीत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण ती प्रयोगाचा आकडा आधी बघत नाही. एका लोखंडाच्या अणूच्या डी-कक्षांवर छोटा जास्तीचा विभव लावायचा: −०.१, −०.०५, ०.०५, ०.१. प्रत्येक वेळी त्या कक्षांतले इलेक्ट्रॉन किती घटले-वाढले ते मोजायचं आणि आलेखाचा उतार काढायचा. हा उतार दोनदा काढतात. एकदा अगदी पहिल्याच फेरीत, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी एकमेकांशी जुळवून घेण्यापूर्वी. दुसऱ्यांदा सगळं स्थिरावल्यावर. समजण्यासाठी आकडे धरू: पहिला उतार −०.३०, दुसरा −०.१३. दोघांचे व्यस्त −३.३ आणि −७.७. पहिल्यातून दुसरा वजा केला की ४.४ उरतात. तो यू. खऱ्या कामात शेजारच्या अणूंचा प्रतिसादही धरावा लागतो, म्हणून एकेका संख्येऐवजी सारण्या येतात. आणि स्फटिकाचा तुकडा मोठा करत जाऊन उत्तर हलायचं थांबलं का, ते पाहावं लागतं. आलेख सरळ रेषेत आला नाही तर उत्तर टाकून द्यायचं.

दुसरी वाट प्रयोगाशी जुळवण्याची. हेमटाइटवर रोलमान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यू पायरीपायरीने वाढवत नेला आणि चारला सगळ्यांत चांगला मेळ दिसला. फट दोनजवळ आला, लोखंडाचं चुंबकीय आघूर्ण साडेतीनच्या आसपास होतं, ते चारच्या थोडं वर गेलं (प्रयोगात ४.६ ते ४.९). यू चारने वाढवूनही फट दीडनेच का वाढला? कारण भरलेल्या पट्टीच्या माथ्यावर आता लोखंड नाही, ऑक्सिजन आहे. लोखंडाच्या भरलेल्या कक्षा खाली दबल्या, ऑक्सिजनच्या जागच्या जागी राहिल्या. माझ्या लेखी हाच त्या कामाचा खरा निकाल, फटाचा आकडा नव्हे. नुसता फट जुळवायला यू फिरवत बसणं म्हणजे तराजूत बोट घालणं. फट, आघूर्ण आणि घनफळ तिन्ही एकत्र पाहायचे. एक जुळताना दुसरं बिघडत असेल तर यूकडून त्याच्या कुवतीबाहेरचं काम करून घेतलं जातंय.

तिसरी रीत वांग, मॅक्सिश आणि सेडर यांची, २००६ ची. त्यांनी फट बघितलाच नाही. एका ऑक्साइडचा दुसरा ऑक्साइड होताना किती उष्णता निघते, त्याच्याशी यू जुळवला. मटेरियल्स प्रोजेक्टच्या साठ्यात लोखंडाच्या ऑक्साइडांना ५.३ असतो, तो याच वळणाचा. बॅटरीचा व्होल्टेज काढायला तो योग्य. जांभ्याचा रंग काढायला त्याने काही वचन दिलेलं नाही.

क्वांटम एस्प्रेसो हा फुकट प्रोग्रॅम आमच्याकडे जास्त चालतो. त्यात यू असा लिहितात:

```
HUBBARD (ortho-atomic)
U Fe1-3d 4.0
U Fe2-3d 4.0
```

Fe1 आणि Fe2 वेगळे, कारण त्यांची चुंबकीय दिशा उलट. कंसातला शब्द म्हणजे वर सांगितलेलं माप. तिथे `atomic` लिहिलं तर तोच चार वेगळं उत्तर देतो, आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये आणखी वेगळं. दोन गणितांत यू निराळा असेल तर त्यांच्या एकूण ऊर्जांची वजाबाकीही साधारणपणे करता येत नाही. शिवाय यू लावल्यावर इलेक्ट्रॉनांना बसायच्या अनेक मांडण्या मिळतात आणि गणित जवळच्या खड्ड्यात अडकतं. दोन वेगळ्या सुरुवातींनी निघून ऊर्जा वेगळी आली, तर समजावं की निदान एक तरी खड्डा खोटा आहे. कमी ऊर्जेचं उत्तर ठेवायचं आणि तिसरी सुरुवात करून बघायची.