चिनी कोशातील शीर्षचिन्हे : अक्षराचे मूळ की अक्षराचे ठिकाण?

पुण्यातील पाली व बौद्ध विद्येच्या अभ्यासकांना चिनी भाषा शिकण्याची गरज भासली ती एका व्यावहारिक कारणासाठी. मूळ रूपात लुप्त झालेले कित्येक भारतीय ग्रंथ चिनी भाषांतरांच्या रूपानेच शिल्लक राहिले आहेत. पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास 1937 मध्ये प्रसिद्ध केला, तो ‘विमुत्तिमग्गा’च्या चिनी भाषांतराच्या आधारानेच. अशा ग्रंथाच्या वाचकापुढे पहिली अडचण उभी राहते ती व्याकरणाची नव्हे, तर कोशाची. देवनागरीत अपरिचित शब्द दिसला तरी त्याचा उच्चार करता येतो आणि वर्णक्रमाने तो कोशात सापडतो. अपरिचित चिनी अक्षराचा उच्चारच ठाऊक नसतो. तो जाणून घेण्यासाठीच कोश उघडावयाचा असतो. उच्चाराच्या मदतीवाचून हजारो अक्षरांतून एक नेमके अक्षर कसे शोधावे, हा प्रश्न चिनी कोशकारांनी शीर्षचिन्हांच्या योजनेने सोडविला.

चिनी भाषेत या चिन्हांना ‘बु-शौ’ म्हणतात. बु म्हणजे विभाग आणि शौ म्हणजे शीर्ष. कोशाच्या एका विभागातील सर्व अक्षरांत जे अंग समान असते, ते त्या विभागाच्या मस्तकी मांडतात, एवढाच या संज्ञेचा अर्थ. युरोपीय विद्वानांनी तिचे भाषांतर ‘रॅडिकल’, म्हणजे मूळ किंवा धातू, असे केले. संस्कृत धातुपाठाचे संस्कार असलेल्या वाचकाला हा शब्द विशेष फसवितो. धातूपासून शब्द सिद्ध होतात, तशी शीर्षचिन्हापासून अक्षरे सिद्ध होत असावीत, असा त्याचा समज होतो. शीर्षचिन्ह हे प्रथमतः कोशातील ठिकाण आहे. ते अक्षराचे मूळ असतेच असे नाही, हे त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

या योजनेचा आद्य प्रवर्तक शू शेन. त्याचा ‘श्वो-वेन च्ये-त्सू’ हा कोश इ. स. 100 मध्ये सिद्ध झाला आणि 121 मध्ये त्याच्या पुत्राने तो सम्राटाला अर्पण केला. त्यातील 9,353 अक्षरे 540 विभागांत वाटलेली आहेत. शू शेनचा हेतू शोधण्याची सोय हा नव्हता. अक्षरांची घटना व त्यांचा मूळ अर्थ उलगडून दाखविणे हा होता. म्हणून त्याचा पहिला विभाग ‘एक’ या अक्षराचा आहे, तर शेवटचा कालगणनेतील बारावे स्थान दर्शविणाऱ्या अक्षराचा. आरंभापासून अंतापर्यंत विश्वाचा क्रम दाखवावा, अशी ही रचना. शू शेनची शीर्षचिन्हे पुष्कळ अंशी अर्थाची चिन्हे आहेत खरी. परंतु 540 विभागांचा क्रम ज्याला मुखोद्गत नाही त्याला या कोशात एखादे अक्षर शोधणे अत्यंत कष्टाचे होते.

ही अडचण दूर करण्याच्या प्रयत्नांपैकी एकाचा संबंध बौद्ध ग्रंथांशी येतो. लिआओ राज्यातील शिंग-च्युन नावाच्या भिक्षूने 997 मध्ये हस्तलिखित सूत्रांच्या वाचकांसाठी ‘लुंग-खान शोउ-चिंग’ हा कोश रचला. त्याने विभागांची संख्या 242 वर आणली आणि त्यांचा क्रम चिनी भाषेतील चार स्वरभेदांनुसार लावला. निर्णायक पाऊल मात्र मिंग काळातील मेइ यिंग-त्स्वो याने 1615 मध्ये ‘त्स-ह्वेइ’ या कोशात टाकले. त्याने तेहतीस हजारांहून अधिक अक्षरे 214 विभागांत बसविली. रेघांची संख्या मोजून क्रम लावण्याचे प्रयोग त्यापूर्वीही झाले होते. पण मेइने तोच नियम संपूर्ण कोशाला लावला. विभागांचा क्रम शीर्षचिन्हाच्या रेघांवरून आणि विभागातील अक्षरांचा क्रम उरलेल्या रेघांवरून, असा हा नियम होता. 1716 मध्ये पूर्ण झालेल्या खांग-शी सम्राटाच्या कोशाने हीच 214 चिन्हे स्वीकारली आणि पुढे ती सर्वमान्य झाली.

540 चे 214 होताना केवळ संख्या घटली असे नाही, तत्त्वही बदलले. मेइच्या यादीतील आठवे चिन्ह म्हणजे एक टिंब आणि त्याखाली एक आडवी रेघ, झाकणासारखे. शू शेनच्या 540 चिन्हांत ते नाही. त्याला स्वतंत्र अर्थ नाही. ‘मरणे’, ‘एकमेकांस छेदणे’ आणि ‘राजधानी’ या अर्थांची तीन अक्षरे या चिन्हाखाली शेजारी बसतात, कारण तिन्हींच्या माथ्यावर तीच आकृती दिसते. अर्थाच्या दृष्टीने त्यांचे एकमेकांशी कोणतेही नाते नाही. येथे शीर्षचिन्ह हे उघडपणे शोधण्याचे साधन झालेले आहे.

हे साधन प्रत्यक्षात कसे चालते, हे भारतीय वाचकाच्या परिचयाच्या एका उदाहरणावरून पाहता येईल. बुद्धचरित्रातील ‘मार’ या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी ‘मो-लो’ अशी दोन अक्षरे योजिली आणि पुढे ‘मो’ हे एकच अक्षर रूढ झाले. या अक्षराच्या वरच्या भागात ताग या अर्थाचे ‘मा’ हे अक्षर आहे आणि त्याच्या पोटात, खाली, भूत या अर्थाचे ‘क्वेइ’ आहे. ज्याला हे अक्षर अपरिचित आहे, त्याच्यापुढे एकाच वेळी अनेक वाटा असतात. बाहेरून दिसणारे छपराचे चिन्ह 214 च्या यादीत आहे. ‘ताग’ हेही त्या यादीत आहे. तागाच्या आत दिसणारे ‘झाड’ आहे. आणि ‘भूत’ही आहे. नवशिका प्रथम छपराकडे वळतो, कारण डोळ्यांत तेच आधी भरते. तेथे ते सापडत नाही. अनुभवी वाचक आधी अक्षराचे दोन मुख्य भाग पाडतो आणि त्यांपैकी कोणता अर्थ सुचवीत असावा, असा विचार करतो. मग तो दहा रेघांच्या चिन्हांत ‘भूत’ हा विभाग काढतो, उरलेल्या ‘तागा’च्या रेघा मोजतो आणि त्या विभागातील अकरा रेघांच्या गटात त्याला ‘मो’ सापडते.

मोजणीत एका रेघेची चूक सहज होते, कारण कोपऱ्यात वळणारी रेघ पुष्कळदा एकच धरावयाची असते. म्हणून अक्षर सापडले नाही तर मागचा व पुढचा गट पाहण्याचा प्रघात आहे. शिवाय खांग-शी कोशात ‘भूत’ दहा रेघांचे आहे, तर चीनमधील आजच्या प्रमाणलेखनात ते नऊ रेघांचे धरतात. तेव्हा कोणता कोश हाती आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. सर्व उपाय थकले म्हणजे एकूण रेघांवरून लावलेली दुर्घट अक्षरांची यादी उरते. तिची सोय मेइनेच आपल्या कोशात करून ठेवली होती.

आता ‘ताग’ हे अंग असलेली इतर अक्षरे पाहावी. खाली ‘दगड’ असेल तर ‘दळणे, जाते’ या अर्थाचे ‘मो’ होते आणि ते दगडाच्या विभागात मिळते. खाली ‘हात’ असेल तर ‘चोळणे’ या अर्थाचे ‘मो’ होते आणि ते हाताच्या विभागात मिळते. ‘महा’ या संस्कृत शब्दाच्या लिप्यंतरात पहिले अक्षर हेच आहे. खाली ‘तांदूळ’ असेल तर ‘पेज’ या अर्थाचे ‘मी’ होते आणि ते तांदळाच्या विभागात मिळते. या सर्वांत तागाचा अर्थाशी काडीचाही संबंध नाही. ते केवळ ध्वनी सुचविते. परंपरा असे सांगते की ‘मार’ आरंभी जात्याच्याच अक्षराने लिहीत असत आणि पुढे दगड काढून त्या जागी भूत बसविले गेले. ध्वनी तसाच ठेवून अर्थाचे अंग बदलावयाचे, ही चिनी अक्षरे घडविण्याची मुख्य रीत येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

याच कुटुंबात नियमाची मर्यादाही दिसते. तागाखाली ‘केस’ हे अंग असलेले, ‘सेनापतीचे निशाण’ या अर्थाचे एक अक्षर आहे. वरील न्यायाने ते केसांच्या विभागात असावयास हवे. खांग-शी कोशात ते तागाच्याच विभागात आहे. शिवाय त्याचा आजचा उच्चार ‘ह्वेइ’ असा आहे. म्हणजे ठिकाण व ध्वनी या दोन्ही बाबतींत ते वाचकाला चकविते. जी अक्षरे प्राचीन काळी एका ध्वनिसूचक अंगाने जोडली गेली, त्यांचे उच्चार दोन सहस्रकांच्या ध्वनिपरिवर्तनात एकमेकांपासून दूर गेले आहेत. ‘मा’, ‘मो’, ‘मी’ यांतील स्वरभेद हा त्याचाच सौम्य नमुना होय.

यावरून स्मरणाच्या दृष्टीने एक गोष्ट निष्पन्न होते. शीर्षचिन्हांवर रचलेला कोश अक्षराचे एकच अंग पुढे आणतो आणि दुसरे, म्हणजे ध्वनिसूचक अंग, निरनिराळ्या विभागांत विखरून टाकतो. दगडाचे, हाताचे आणि भुताचे ‘मो’ या कोशात एकत्र कधीच दिसत नाहीत. ही उणीव जाणकारांच्या लक्षात आली होती. चू च्युन-शंग याने 1833 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात ‘श्वो-वेन’मधील अक्षरे ध्वनिसूचक अंगांनुसार नव्याने लावली. त्याच्याही आधी, 1814 मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे जोशुआ मार्शमन याने आपले चिनी व्याकरण छापले. शीर्षचिन्हे वेगळी काढल्यावर उरणाऱ्या अंगांकडे त्यात लक्ष वेधलेले आहे. शिकणाऱ्याने स्वतःच्या वहीत हीच मांडणी करावी, हे इष्ट. कोशात अक्षर सापडले की अर्थासह त्याची नोंद ध्वनिसूचक अंगाच्या पानावर करावी. ‘मा’च्या पानावर दगड, हात, भूत आणि तांदूळ एकत्र आले म्हणजे चार अक्षरांऐवजी एक ध्वनी आणि चार परिचित चिन्हे लक्षात ठेवावी लागतात. उच्चारात जेथे फरक पडतो, तेवढाच वेगळा नोंदवावा.

‘तागाच्या शेतात भूत दडले आहे’ अशी गोष्ट रचून अक्षर पाठ करण्याची युक्तीही प्रचलित आहे. स्मरणासाठी ती निरुपद्रवी असली, तरी अक्षराचा इतिहास म्हणून ती चुकीची आहे. आणि तिच्यामुळे तागाचे ध्वनीशी असलेले नाते झाकले जाते, हा तिचा खरा तोटा होय.

शीर्षचिन्हांचा इतिहास 214 वर थांबलेला नाही. चीनमध्ये 2009 मध्ये ठरलेल्या प्रमाण यादीत 201 मुख्य चिन्हे आहेत. सुलभीकरणात ‘ऐकणे’ या अर्थाच्या जुन्या अक्षराची जागा ‘तोंड’ हे अंग असलेल्या एका साध्या अक्षराने घेतली. पूर्वी कानाच्या विभागात मिळणारे ‘ऐकणे’ आता तोंडाच्या विभागात शोधावे लागते. ते साधे अक्षर मुळात हसण्याचा भाव दाखविणारे होते. तोंड आणि ऐकणे यांचा संबंध शोधीत बसणाऱ्याला तो सापडणार नाही. शीर्षचिन्हाला ठिकाण समजणाऱ्याला मात्र अक्षर तत्काळ सापडेल.