हायड्रोजन अणूचे आकारमान : एका अनुमानाचा इतिहास

१९१३ साली बोर यांनी हायड्रोजन अणूची त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम ठरविली. परंतु इलेक्ट्रॉन अणुगर्भावर कोसळत का नाही, याचे कारण त्यांच्या गृहीतकांत नव्हते. ते हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या अनिश्चितता-तत्त्वाने सुचविले.

इलेक्ट्रॉन r एवढ्या अंतरात कोंडला, तर त्याचा संवेग सुमारे ħ/r होतो. म्हणून त्याची एकूण ऊर्जा ħ²/2mr² − e²/r एवढी येते. येथे m हे त्याचे वस्तुमान व e हा विद्युद्भार होय. r घटताना पहिले पद दुसऱ्याहून वेगाने वाढते; त्यामुळे r = ħ²/me² येथे ऊर्जा किमान होते. ही त्रिज्या बोर यांचीच असून ऊर्जा −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते.

हा तंतोतंत मेळ मात्र योगायोगाचा आहे. ħ ऐवजी ħ/2 घेतल्यास त्रिज्या एक-चतुर्थांश व बंधन-ऊर्जा चौपट होते. सारांश, या रीतीने परिमाणाची कोटी तेवढी कळते.