हुशारांच्या पराभवातून निघालेल्या भूमिका

कोऑर्डिनेटर, इम्प्लिमेंटर, कम्प्लीटर-फिनिशर ही गटातल्या भूमिकांची नावं आज नागपुरातल्या आयटी कंपन्यांच्या प्रशिक्षणातही कानावर पडतात. या भूमिकांचा जन्म इंग्लंडमधल्या हेन्ली इथला. १९६९च्या सुमारास तिथल्या व्यवस्थापन महाविद्यालयात मेरेडिथ बेल्बिन यांनी काही वर्षं चालणारं एक निरीक्षण सुरू केलं. शिकायला आलेले अधिकारी गटागटाने धंद्याचा खेळ खेळत. बेल्बिन आधी त्यांच्या बुद्धीच्या आणि स्वभावाच्या चाचण्या घेत आणि मग गट जुळवत. बैठकीत कोण काय बोलतं, याची नोंद ठेवली जाई.

सगळे तल्लख एकाच गटात बसवले, त्याला नाव दिलं ‘अपोलो’. असे २५ गट झाले आणि त्यांतले फक्त तीन जिंकले. कारण नोंदींतच होतं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मुद्द्यातली खोट अचूक काढी, पण कुणी कुणाचं ऐकत नसे आणि निकडीची कामं तशीच पडून राहत. जिंकणाऱ्या गटांत मात्र माणसं एकमेकांची उणीव भरून काढत. त्यातून आधी आठ भूमिका ठरल्या. १९८१च्या पुस्तकात त्या आल्या, नववी ‘स्पेशालिस्ट’ नंतरची. त्या पुस्तकातला ‘चेअरमन’ पुढे कोऑर्डिनेटर झाला आणि ‘कंपनी वर्कर’ इम्प्लिमेंटर.

आता समजा, नागपूरच्या सक्करदऱ्यात खोली घेऊन राहणारे इंजिनिअरिंगचे चार विद्यार्थी सक्करदरा तलावाची पाण्याची पातळी मोजणारं यंत्र करताहेत. तिघांना रोज नवी कल्पना सुचते, चौथा निमूटपणे सोल्डरिंग करतो. टेबलावर यंत्र झकास चालतं, पण पहिल्याच पावसात डब्यात पाणी शिरतं, कारण झाकणाचा रबर बसवायचं काम कुणाचंच नव्हतं. इथे इम्प्लिमेंटर आहे; धास्तीपोटी प्रत्येक स्क्रू पुन्हा तपासणारा फिनिशर नाही, आणि ‘हा विषय इथे संपला, हे काम तुझं’ असं सांगणारा कोऑर्डिनेटरही नाही. लागोपाठ तीन बैठकांत तोच सेन्सर बदलायची चर्चा झाली आणि एकाही कामापुढे नाव-तारीख पडली नाही, तर या भूमिका रिकाम्या आहेत हे तेव्हाच ओळखावं.

पाचवा माणूस आणायची गरज नसते. तिघांपैकी ज्याची दुसऱ्या क्रमांकाची भूमिका फिनिशरची आहे, त्याने शेवटचे पंधरा दिवस कल्पना बाजूला ठेवून तपासणीची यादी हाती घ्यावी. सगळ्यांचं ऐकून घेण्याचा स्वभाव ज्याचा आहे, त्याने बैठक चालवावी.

भूमिका ओळखायची बेल्बिन यांची प्रश्नावली वापरताना मात्र जपून. मूळ प्रश्नावलीत सात भाग आहेत आणि प्रत्येकात दहा गुण वाटायचे असतात. एका भूमिकेचे वाढवले की दुसरीचे आपोआप घटतात. त्यामुळे एकाच माणसाच्या भूमिकांचा आपसातला क्रम कळतो, पण दोघांच्या गुणांची तुलना करता येत नाही. १९९३ साली एड्रियन फर्नहॅम आणि सहकाऱ्यांनी प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेवरच बोट ठेवलं. म्हणून या प्रश्नावलीवरून नोकरीची निवड करू नये. सोबत काम केलेल्यांचं मत विचारून कामाची वाटणी करायला ती पुरेशी आहे.