शिखर म्हणजे ऑर्बिटल? एका समीकरणाची कुळकथा

रसायनशास्त्राच्या पदवीच्या पुस्तकात नायट्रोजन रेणूची एक आकृती हमखास असते. डाव्या-उजव्या बाजूला दोन अणूंच्या ऊर्जापातळ्या, मध्ये रेणूच्या पातळ्यांची उतरंड, आणि बऱ्याच पुस्तकांत शेजारी प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपट आडवा करून लावलेला. वर्णपटातलं एकेक शिखर आकृतीतल्या एकेका रेघेसमोर येतं. विद्यार्थ्याला वाटतं, ऑर्बिटलची ऊर्जा मोजता येते, आणि ही बघा मोजलेली. हा समज आला कुठून आणि तो कुठवर खरा आहे, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिचे दोन मूळपुरुष आहेत आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

पहिला मूळपुरुष म्हणजे त्यालिंग कूपमान्स. हॉलंडमधल्या उट्रेख्त इथे क्रामर्स यांच्या हाताखाली शिकणाऱ्या या तरुणाने १९३४ मध्ये ‘फिझिका’ या नियतकालिकात जर्मन भाषेत एक लेख लिहिला. हार्ट्री आणि फॉक यांची पद्धत तेव्हा नवीनच होती. प्रत्येक इलेक्ट्रॉन इतर सर्वांच्या सरासरी क्षेत्रात फिरतो असं धरायचं, त्यातून प्रत्येकाचं एक ऑर्बिटल आणि त्या ऑर्बिटलला एक ऊर्जेचा आकडा मिळतो. पण या आकड्याचा अर्थ काय? कूपमान्स यांचं उत्तर असं, की एक इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर उरलेल्यांची ऑर्बिटलं जराही बदलत नाहीत असं मानलं, तर तो काढायला लागणारी ऊर्जा म्हणजे त्याच्या ऑर्बिटलची ऊर्जा, फक्त चिन्ह उलटं. लेख अणूंविषयी होता; रेणूंचं नाव त्याच्या शीर्षकातही नाही. लेखक लवकरच भौतिकशास्त्र सोडून अर्थशास्त्राकडे वळला आणि १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याने कान्तोरोविच यांच्यासोबत घेतलं. रसायनशास्त्रज्ञ रोज ज्याचं नाव घेतात तो माणूस रसायनशास्त्रात कधी रमलाच नाही.

रेणूंसाठी तशी गणितं करण्याची वाट रूटहान आणि हॉल यांनी १९५१ मध्ये मोकळी केली. तोवर कूपमान्स यांचं विधान रेणूंच्या बाबतीत बहुतांशी बिनवापराचं होतं. आकडा काढता येत नव्हता आणि ताडून पाहायलाही काही नव्हतं.

ताडून पाहण्याची सोय लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात झाली. दुसरा मूळपुरुष डेव्हिड टर्नर आणि अल-जुबुरी यांनी १९६२ मध्ये आपलं पहिलं मोजमाप प्रसिद्ध केलं. लेनिनग्राडमध्ये तेरेनिन यांचा गटही कमी ऊर्जेचा प्रकाश वापरून याच मार्गाने निघाला होता आणि उप्सालात काय सीगबान क्ष-किरणांनी अणूंच्या गाभ्यातले इलेक्ट्रॉन उडवत होते. टर्नर यांच्या यशाचं रहस्य दिव्यात होतं. हेलियममधून विजेचा विसर्ग केला की एक अतिशय शुद्ध रेषा मिळते, ५८४ अँगस्ट्रॉमची. तिच्या प्रत्येक कणाची ऊर्जा २१.२२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. अडचण अशी, की एवढ्या ऊर्जेचा प्रकाश आरपार जाऊ देणारी काचच नाही. लिथियम फ्लोराईडची खिडकीसुद्धा १२ च्या आतच हात टेकते. म्हणून खिडकी काढूनच टाकली. दिव्यातला वायू एका केसनळीतून थेट उपकरणात येऊ द्यायचा आणि पंप लावून तो वाटेतच ओढून घ्यायचा. उपकरणात ज्या वायूचा अभ्यास करायचा त्याची झुळूक सोडायची, प्रकाशकण रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवतो, आणि त्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजायची. २१.२२ मधून ती वजा केली की उरते ती आयनीभवन ऊर्जा. हिशेब आइन्स्टाइनचाच, १९०५ चा.

आता नायट्रोजन घेऊ. इलेक्ट्रॉनांचे तीन गट बाहेर पडतात. सर्वांत वेगवान गटाची गतिज ऊर्जा ५.६४, मग ४.५२, आणि सर्वांत संथ गटाची २.४७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. वजाबाकी करा: १५.५८, १६.७० आणि १८.७५. पुस्तकातल्या उतरंडीत दोन अणूंच्या मधल्या रेषेवरचं सिग्मा ऑर्बिटल सर्वांत वर, त्याखाली पायची जोडी, त्याखाली किंचित बंधविरोधी सिग्मा. तीन ऑर्बिटलं, तीन गट. इतकं चपखल जुळल्यावर कोणाचाही विश्वास बसावा.

त्यात हे तीन गट आपली ओळखही स्वतःच सांगतात. प्रत्येक गट नीट पाहिला तर तो अनेक बारीक शिखरांचा बनलेला असतो, कारण मागे उरलेला आयन वेगवेगळ्या कंपनांत सापडतो. साध्या नायट्रोजन रेणूच्या कंपनाची पायरी ०.२९ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे. पहिल्या गटात जवळजवळ एकच शिखर दिसतं आणि पायरी ०.२७ ची, म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्याने बंधाला फारसं काही वाटलं नाही. दुसऱ्या गटात शिखरांची लांब रांग लागते आणि पायरी ०.२३ वर येते. इथे बंध धरून ठेवणारा इलेक्ट्रॉन गेला, बंध लांबला, आयन जोरात कंप पावू लागला, हा पाय. तिसऱ्यात रांग पुन्हा तोकडी आणि पायरी मूळ रेणूपेक्षा किंचित मोठी. गेलेला इलेक्ट्रॉन बंधाला थोडा विरोधच करत होता. माझ्या मते टर्नर यांच्या वर्णपटाचं खरं धन हे आहे, कारण शिखर कोणाचं हे इथे कोणत्याही मोठ्या गणिताशिवाय कळतं.

पण मग १९६६ मध्ये शिकागो विद्यापीठात केड, सेल्स आणि वाल यांनी नायट्रोजनचं हार्ट्री-फॉक गणित जवळजवळ शेवटच्या टोकापर्यंत नेलं. आता कूपमान्स यांचे आकडे हातात आले: सिग्मासाठी १७.२८, पायसाठी १६.७५, बंधविरोधी सिग्मासाठी २१.१७. म्हणजे या हिशेबाने सर्वांत आधी पाय बाहेर पडायला हवा, आणि कंपनं तर ठामपणे सांगतात की आधी सिग्मा पडतो. क्रमच उलटा! अंदाजात थोडा फरक पडणं वेगळं आणि पहिला-दुसरा बदलणं वेगळं.

चूक कूपमान्स यांच्या गणितात नाही, त्यांच्या अटीत आहे. एसटीच्या बाकावरून एक प्रवासी उठला की उरलेले सैलावून बसतात, तसेच इलेक्ट्रॉन सावरून घेतात आणि आयनाची ऊर्जा उतरते. त्यामुळे खरी आयनीभवन ऊर्जा कूपमान्सच्या आकड्यापेक्षा कमी भरते. दुसरी गोष्ट उलट्या दिशेने ओढते. इलेक्ट्रॉन सरासरी क्षेत्रात फिरत नाहीत, एकमेकांना चुकवत फिरतात, आणि या चुकवाचुकवीने त्यांची ऊर्जा कमी होते. रेणूतला एक इलेक्ट्रॉन कमी झाला की सहसा ही बचतही थोडी घटते, म्हणून खरी ऊर्जा वाढते. पुष्कळ रेणूंत या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि कूपमान्सचा आकडा आश्चर्यकारक चांगला येतो. नायट्रोजनच्या पायमध्ये तसं घडतं. सिग्मांमध्ये घडत नाही, तिथे आकडा दीड ते अडीच इलेक्ट्रॉन व्होल्टने चढा राहतो. उरलेल्या इलेक्ट्रॉनांना सावरू देऊन गणित पुन्हा केलं तरी क्रम सुधरत नाही. चुकवाचुकवी हिशेबात धरावीच लागते. तेव्हा कूपमान्सचा आकडा चांगला आला म्हणजे त्याची अट खरी आहे असं नव्हे. दोन खोट्या बाजू तराजूत समान पडल्या, इतकंच.

आणि मूळ आकडे तरी कोणाचे? याची एक सुरेख साक्ष आकाशात आहे. ध्रुवीय प्रकाशात निळ्या-जांभळ्या रंगाचा एक पट्टा असतो, तरंगलांबी ३९१ नॅनोमीटर. नायट्रोजनचा आयन वरच्या एका स्थितीतून सर्वांत खालच्या स्थितीत उतरताना तो सोडतो. आता वर्णपटातल्या तिसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा: १८.७५ वजा १५.५८, म्हणजे ३.१७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. एवढ्या ऊर्जेच्या प्रकाशाची तरंगलांबी ३९१ नॅनोमीटरच येते. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला तर १.१२ मिळतात, सुमारे ११०० नॅनोमीटर, अवरक्तात. तोही पट्टा माइनेल यांनी १९५० च्या सुमारास ध्रुवीय प्रकाशात ओळखला होता. दोन्ही प्रकाश आयनाचे आहेत. त्यात तटस्थ रेणू कुठेच नाही, त्याचं ऑर्बिटल तर नाहीच नाही. टर्नर यांच्या उपकरणाने मोजलं ते हेच: रेणूची एकूण ऊर्जा आणि आयनाच्या एकेका स्थितीची एकूण ऊर्जा यांतला फरक.

एकदा हे पटलं की ‘एक ऑर्बिटल, एक शिखर’ हा नियम कुठे मोडतो ते आपोआप दिसतं. उपकरण जुळवायला वापरतात तो आर्गॉनच पाहा. त्याच्या बाहेरच्या पी इलेक्ट्रॉनांचं ऑर्बिटल एकाच ऊर्जेचं, पण शिखरं दोन, १५.७६ आणि १५.९४, आयनात उरलेल्या इलेक्ट्रॉनांची फिरकी कक्षेतल्या गतीशी दोन प्रकारे जुळते म्हणून. ऑक्सिजनमध्ये तर दोन इलेक्ट्रॉन आधीच एकटे असतात. आतल्या पायमधून एक काढला की मागे उरलेल्या एकट्यांच्या फिरक्या कशा जुळतात यावरून त्याच ऑर्बिटलचे वेगवेगळे पट्टे होतात, एक १६.१ जवळ आणि एक १७ जवळ.

आणखी आत जा. नायट्रोजनच्या सर्वांत खालच्या संयुजा सिग्माला हेलियमची २१.२२ ची रेषा पोचतच नाही, त्याहून बऱ्याच जास्त ऊर्जेचा प्रकाश हवा. तिथे ३७-३८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एका नेटक्या शिखराऐवजी अनेक रेषांचा पसारा मिळतो. एक इलेक्ट्रॉन जाताना दुसऱ्यालाही वरच्या पातळीवर ढकलतो, आणि आयनाच्या बऱ्याच स्थिती त्या एका ऑर्बिटलचा वाटा आपसांत वाटून घेतात. सेडरबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात याचं गणित मांडलं. इथे ‘हे शिखर कोणत्या ऑर्बिटलचं’ हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

मग ते चित्र टाकून द्यायचं का? मी तरी देणार नाही. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांसाठी, भरलेल्या कवचाच्या छोट्या रेणूंत ते चांगलं चालतं. पाण्याची आयनीभवन ऊर्जा १२.६, १४.७ आणि १८.५ येते, कूपमान्सचे आकडे एक-दीड इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत चढे असले तरी क्रम बिनचूक, आणि ऑक्सिजनवरच्या दोन एकाकी जोड्या एकसारख्या नाहीत हेही त्यातून लख्ख दिसतं. फक्त दोन शिखरं जवळजवळ असतील, रेणूत एकटे इलेक्ट्रॉन असतील किंवा शिखर २५ च्या पलीकडचं असेल, तर कूपमान्सच्या आकड्याच्या भरवशावर नाव देऊ नये. कंपनांची रांग आधी बघावी.

पुस्तकातल्या त्या आकृतीत नायट्रोजनचं सिग्मा पायच्या वर काढलेलं असतं. वर्णपटाशी हा क्रम जुळतो. ज्या पद्धतीने कूपमान्सच्या विधानाला अर्थ येतो ती हार्ट्री-फॉक पद्धत मात्र आजही पायलाच वर ठेवते.