हवामान बदल: उपशमन आणि अनुकूलन

उपशमन आणि अनुकूलन हे हवामान बदलाला तोंड देण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे किंवा वातावरणातील हे वायू शोषून घेणे म्हणजे उपशमन. जो बदल झाला आहे किंवा टळणे शक्य नाही, त्यापासून होणारी हानी कमी करणे म्हणजे अनुकूलन. उपशमन कारणावर काम करते, तर अनुकूलन परिणामांवर. उपशमन कोठेही केले तरी त्याचा लाभ साऱ्या जगाला मिळतो. मात्र कार्बन डायऑक्साइड वातावरणात शेकडो वर्षे टिकत असल्यामुळे तो लाभ उशिरा दिसतो. अनुकूलनाचा लाभ लवकर मिळतो, पण तो स्थानिक असतो.

पुराचे शहर: चिपळूण

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण हे वाशिष्ठी नदीच्या काठी वसलेले आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस तीव्र उतारामुळे काही तासांतच शहरापर्यंत पोहोचतो. खाडीला भरती असल्यास त्याचा निचरा मंदावतो. २२ जुलै २०२१ रोजी आलेल्या महापुरात बाजारपेठ आणि बसस्थानकाचा परिसर पाण्याखाली गेला. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे अतिवृष्टीची तीव्रता वाढण्याची शक्यता असते.

महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिवनदी यांच्या पात्रांतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. हे अनुकूलन होय. त्याने पात्राची वहनक्षमता वाढते, परंतु डोंगरावरून माती येत राहिल्याने गाळ पुन्हा साचतो, म्हणून हे काम वारंवार करावे लागते. दुसरा उपाय पूररेषांचा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता असा आहे. ३० वर्षे वापरल्या जाणाऱ्या घराच्या बाबतीत ही शक्यता सुमारे २६ टक्के होते. शिवाय या रेषा जुन्या नोंदींवरून आखतात. पाऊस बदलल्यास त्या अपुऱ्या ठरतात. दुसरीकडे, रेषेच्या आत जुनी घरे व दुकाने असल्यामुळे बांधकामावरील निर्बंध रहिवाशांना जाचक वाटतात.

कोयना जलविद्युत प्रकल्पातील वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. कोळशाऐवजी पाण्यापासून वीज निर्माण करणे हे उपशमन आहे. परंतु अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी असताना हे पाणी नदीत आल्यास पुरात भर पडू शकते. म्हणून निर्मितीची वेळ पावसाच्या आणि भरतीच्या वेळापत्रकाशी जुळवणे आवश्यक ठरते.

उष्णतेचे शहर: मुंबई उपनगरे

समुद्रामुळे मुंबईचे तापमान विदर्भाइतके चढत नाही, परंतु हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तापमान ३५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असताना सावलीत सुमारे ३७ अंशांइतकी उष्णता जाणवते. आर्द्रता ६० टक्के झाल्यास तीच उष्णता सुमारे ४५ अंशांइतकी भासते. म्हणून केवळ तापमापकावरून धोक्याचा अंदाज येत नाही. घाटकोपर, अंधेरी यांसारख्या भागांतील दाट वस्त्यांमध्ये पत्र्याची छपरे दिवसा तापतात. वारा खेळण्यास जागा नसल्यामुळे रात्रीही घरे लवकर निवत नाहीत.

बृहन्मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये मुंबई हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचे उपशमनाचे उद्दिष्ट आहे. शहराच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा इमारती व उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आहे. उष्णता आणि पूर यांपासून संरक्षण हा आराखड्याचा अनुकूलनाचा भाग आहे.

परस्परसंबंध

वातानुकूलन यंत्र खोलीतील माणसाला वाचवते, म्हणून ते अनुकूलन ठरते. मात्र ते खोलीतील उष्णता गल्लीत सोडते आणि कोळशावरील वीज वापरल्यास उत्सर्जनही वाढवते. शेजारच्या पत्र्याच्या घराला तो भार सोसावा लागतो. अशा उपायाला अपअनुकूलन म्हणतात. याउलट, छपराला पांढरा परावर्तक रंग दिल्यास घर कमी तापते आणि पंखा किंवा वातानुकूलन यासाठीची वीजही वाचते. येथे दोन्ही हेतू साधतात. परंतु धुळीने रंग मळला की परिणाम घटतो, म्हणून छप्पर धुणे व पुन्हा रंगवणे आवश्यक असते.

मर्यादा

एखाद्या शहराने आपले उत्सर्जन शून्यावर आणले तरी केवळ त्यामुळे त्याचा पूर टळत नाही, कारण वातावरण सर्वांचे एकच आहे. उलट, तापमान वाढतच राहिल्यास आजच्या पावसासाठी बांधलेली गटारे आणि आखलेल्या पूररेषा उद्या अपुऱ्या पडतात. म्हणून हे दोन मार्ग परस्परांचे पर्याय मानले जात नाहीत.